काळ्या मातीतली जमिनीखालची टाकी : भिंत किती जाड, वॉटरप्रूफिंग कुठून आणि पाणी भरून चाचणी कशी

प्रश्न : आष्ट्याजवळ घर बांधतोय, जमीन काळी आहे. दहा हजार लिटरची जमिनीखालची टाकी करायची आहे. मिस्त्री म्हणतात नऊ इंची विटांची भिंत, आतून गिलावा आणि टाइल्स पुरे. ओळखीचे इंजिनिअर आठ इंची आरसीसीच करा म्हणतात. खरंच किती जाड लागते? वॉटरप्रूफिंग आतून करायचं की बाहेरून? आणि टाकी गळत नाही हे माती भरण्याआधी कसं कळेल?

उत्तर :

तुमचे इंजिनिअर बरोबर सांगताहेत, पण आठ इंच का, हे समजून घ्या. ते समजलं की काम चालू असताना कुठे उभं राहून बघायचं तेही कळेल. आतलं पाणी भिंत फोडेल अशी भीती सगळ्यांना असते. पण पाच फूट पाण्याचा भिंतीवरचा एकूण जोर दर मीटर लांबीला सव्वा टनापेक्षाही कमी असतो आणि आरसीसीला तो जड नाही. आष्ट्याच्या जमिनीत टाकीला खरा त्रास होतो ती रिकामी असताना. पावसाळ्याच्या शेवटी बाजूची माती पाण्याने तुडुंब झालेली असते, त्यात काळी माती फुगते, आणि हा बाहेरचा दाब आतल्या पाण्याच्या साधारण दुप्पट होतो. गळती मात्र बहुतेक वेळा भिंतीच्या मधून होत नाही. तळ आणि भिंत जिथे जोडतात तिथून, सेंट्रिंगच्या बोल्टच्या भोकांतून आणि पाइप घुसवलेल्या जागेतून पाणी जातं.

आधी जमिनीचं बोलू, कारण बरंच काही तिच्यावर ठरतं. जत, आटपाडी, कवठेमहांकाळ भागात घट्ट मुरूम लागतो आणि पाणी खोल असतं. तिकडे चार-पाच फूट खोलीची छोटी विटांची टाकी चांगल्या गिलाव्यावर वर्षानुवर्षं उभी राहू शकते, कारण मुरूम स्वतःच भिंतीला धरून ठेवतो. पाटण-जावळीकडे कातळ लागला तर अडचण खोदाईची असते, दाबाची नाही. कृष्णा-वारणेच्या पट्ट्यात हे सगळं उलटं होतं. त्यामुळे तुमच्या मिस्त्रींनी दुसरीकडे केलेली टाकी टिकली असेल, तरी तुमच्याकडे ती टिकेलच असं नाही. वीट ताण सहन करत नाही. काळी माती उन्हाळ्यात आकसते, पावसाळ्यात फुगते, रिकाम्या टाकीची लांब भिंत आत ढकलली जाते आणि कोपऱ्यात उभी चीर पडते. गिलाव्यातली चीर टाइलच्या मागे लपते, म्हणून ती दिसत नाही आणि पाणी मात्र जात राहतं.

दोन गोष्टी आजच करून ठेवा. शेजारच्या विहिरीत सप्टेंबरमध्ये पाणी जमिनीपासून किती खाली असतं ते विचारा. आठ फुटांच्या आत येत असेल तर पुढे सांगितलेलं तरंगण्याचं गणित तुम्हाला लागू आहे. आणि जमिनीवर उन्हाळ्यात पांढरा थर दिसत असेल, म्हणजे जमीन क्षारपड असेल, तर तिथल्या माती-पाण्याची क्लोराइड आणि सल्फेटसाठी तपासणी करून घ्या. अशा जागी सळईवरचं कव्हर, म्हणजे सळईच्या बाहेरच्या काँक्रीटची जाडी, आणि सिमेंटचा प्रकार इंजिनिअरकडून ठरवून घ्यावा, आणि तिथल्या बोअरचं पाणी काँक्रीटमध्ये वापरू नये.

आता तुमची टाकी मापात बसवू. आतून १० फूट लांब, ७ फूट रुंद, पाणी ५ फूट. हे ३५० घनफूट, म्हणजे जवळपास ९,९०० लिटर. वर एक फूट मोकळी जागा ठेवली की आतली उंची ६ फूट. भिंत आणि तळ ८ इंच, वरचा स्लॅब ५ इंच.

आठ इंचांचं कारण ताकदीपेक्षा काँक्रीट नीट बसण्यात आहे. भिंतीत आतून आणि बाहेरून अशा दोन जाळ्या लागतात, आणि पाण्याच्या टाकीत सळईवर ४५ मिमी कव्हर ठेवावं. भिंत ६ इंच म्हणजे १५० मिमी घेतली, तर दोन्ही बाजूंच्या कव्हरमध्ये ९० मिमी गेले आणि आडव्या-उभ्या सळयांत आणखी साधारण ४० मिमी. मधे उरतात जेमतेम २० मिमी. त्यात व्हायब्रेटरची ४० मिमी सुई उतरतच नाही. मग कामगार फळीवर हातोडा मारत बसतात, खडी जाळीत अडकते आणि खाली पोकळ जागा राहते. भिंत २०० मिमी केली की मधे ७० मिमी मिळतात, सुई तळापर्यंत जाते. सहा इंची भिंत कागदावर बसवता येते, पण आपल्याकडच्या सेंट्रिंगवर ती घट्ट ओतणं फार कठीण आहे. उलट दहा-बारा इंच करून फायदा नाही. या मापाला ते सिमेंटचा खर्च वाढवणं आहे.

सळई साधारण १० मिमी, ६ इंचांवर, दोन्ही दिशांना, दोन्ही जाळ्यांत, असा हिशोब या मापाला येतो. तरी तुमच्या जमिनीची आकडेमोड स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून सही करून घ्या. कोपऱ्यात एक गोष्ट स्वतः तपासा. आतल्या जाळीची आडवी सळई आतल्या कोपऱ्यावरच वळवून पुढच्या भिंतीत नेलेली नसावी. पाण्याच्या दाबाने ती सरळ व्हायला बघते आणि कोपऱ्याचं काँक्रीट उचकटते. ती सळई पुढच्या भिंतीच्या बाहेरच्या जाळीपर्यंत सरळ न्यायची आणि तिथे वळवायची. बाहेरच्या जाळीला कोपऱ्यात दोन-दोन फुटांच्या एल आकाराच्या सळया वेगळ्या द्यायच्या.

आता तरंगण्याचं गणित. तुमची टाकी बाहेरून ३.४५ मीटर बाय २.५३ मीटर येते आणि स्लॅब जमिनीच्या अर्धा फूट वर ठेवला तर ती सुमारे २ मीटर जमिनीत जाते. भोवतीचं पाणी जमिनीपर्यंत आलं, तर ती साडेसतरा टन पाणी बाजूला सारते, म्हणजे तिला वर उचलणारा जोर साडेसतरा टन. टाकीचं स्वतःचं वजन तळ, भिंती आणि स्लॅब मिळून सुमारे सव्वासतरा टन. रिकामी टाकी अगदी काठावर आहे, कधीही हलेल. ती अंगणात वर येऊन उभी राहील असं नाही. एखादा इंच एका बाजूने उचलली तरी पाइप तुटतात आणि तळाखाली पोकळी होते. २०१९ आणि २०२१ च्या पुरांत या पट्ट्यात पाणी कुठवर आलं होतं ते तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे 'जमिनीपर्यंत पाणी' हे इथे ओढून-ताणून धरलेलं गृहीतक नाही.

यावर स्वस्त उपाय असा की तळाचा स्लॅब भिंतीच्या बाहेर चारही बाजूंनी एक फूट काढायचा. त्या फुटभर पट्टीवर जी भरणी बसते तिचं पाण्यातलं वजनही सहा टनांच्या आसपास धरता येतं. धरून ठेवणारं वजन पंचवीस टनांवर जातं आणि उचलणारा जोर सव्वाअठराच्या आसपास राहतो. यासाठी जास्तीचं काँक्रीट एक घनमीटरही लागत नाही. खड्डा मात्र त्या हिशोबाने मोठा घ्यावा लागतो. बाहेरून काम करायला भिंतीपासून निदान दोन फूट जागा लागतेच, त्यात ही पट्टी बसून जाते.

खोदाईबद्दल एकच सांगतो. काळ्या मातीत सात-आठ फुटांची सरळ उभी कड ठेवून आत माणसं उतरवू नका. कोरडी असताना ती भिंतीसारखी उभी दिसते, एका पावसाने सुटते. कडा तिरक्या घ्या आणि निघालेली माती काठापासून लांब टाका. तळाशी काळी मातीच लागली तर आणखी दीड फूट खोल जाऊन तिथे मुरूम नऊ-नऊ इंचांच्या थरांत पाणी मारून दुरमुसाने ठोका, मग ४ इंच पीसीसी, म्हणजे सळई नसलेलं साधं काँक्रीट.

काँक्रीट एम-३० घ्या. गवंड्यांच्या सवयीचं एकास दीडास तीन म्हणजे एम-२०, ते टाकीला पुरत नाही. सांगली-मिरजेकडून रेडीमिक्स मिळत असेल तर भिंतीसाठी तेच बरं. जागेवरच मिसळणार असाल तर मिश्रणाचं प्रमाण प्रयोगशाळेतून घ्या आणि पाण्यावर नजर ठेवा. ५० किलोच्या पोत्याला २२ लिटरच्या वर पाणी नको, आणि यात ओल्या वाळूतलं पाणीही धरायचं. काँक्रीट घट्ट वाटतंय म्हणून कामगार डबाभर पाणी ओततो, ते पाणी नंतर सुकून जातं आणि त्याच्या वाटा काँक्रीटमध्ये कायमच्या राहतात. ढिलेपणा हवा असेल तर प्लास्टिसायझर वापरा. डब्यातलं वॉटरप्रूफिंगचं लिक्विड कंपनीने सांगितलेल्या मापात टाकायला हरकत नाही, पण त्याच्या भरवशावर पाणी वाढवलं तर त्याचा काही उपयोग नाही. तळ, भिंती आणि स्लॅब मिळून काँक्रीट साधारण पावणेआठ घनमीटर, म्हणजे पावणेतीन ब्रासच्या आसपास येतं आणि सिमेंट साठेक पोती लागतं.

टाकीचं भवितव्य सगळ्यात जास्त ठरतं ते तळ आणि भिंतीच्या सांध्यावर. तळ ओतायचा, तो सपाट सोडायचा आणि चार दिवसांनी त्याच्यावर भिंत उभी करायची, ही इथली नेहमीची पद्धत. त्यामुळे सांधा नेमका कोपऱ्यात येतो, जिथे पाण्याचा दाब सगळ्यात जास्त आणि वाकणंही सगळ्यात जास्त. त्याऐवजी तळासोबतच, त्याच दिवशी, भिंतीच्या जागी ६ इंच उंचीचा कट्टा ओतून घ्या. मग सांधा तळापासून सहा इंच वर येतो. त्या कट्ट्याच्या मध्यभागी पीव्हीसीची वॉटरस्टॉप पट्टी उभी धरायची, ६ इंच रुंद असेल तर निम्मी कट्ट्यात आणि निम्मी वर. पट्टी तारेने सळईला बांधा, नाहीतर काँक्रीट पडताना ती आडवी होते आणि मग नसल्यातच जमा. पट्टीचे तुकडे एकमेकांवर नुसते ठेवू नका, गरम करून जोडा. पाण्याने फुगणारी पट्टीही मिळते, ती बसवायला सोपी असते, पण भिंत ओतायच्या आधीच पावसाने भिजली तर आधीच फुगून निकामी होते. आपल्याकडच्या कामांत भिंत ओतायला चार दिवस उशीर होतोच, म्हणून मी पीव्हीसीचीच शिफारस करतो.

भिंत उभी करण्याआधी कट्ट्याचा माथा छिन्नीने किंवा तारेच्या ब्रशने इतका खरबरीत करा की खडी दिसली पाहिजे. लाकडाचा भुसा, बायंडिंग वायरचे तुकडे पाण्याने धुऊन काढा. सेंट्रिंग बंद करण्यापूर्वी हे स्वतः वाकून बघा, नंतर बघता येत नाही. ओतायला सुरुवात करताना पहिले दोन इंच खडी नसलेला सिमेंट-वाळूचा मसाला टाका, म्हणजे तळाशी पोकळी राहत नाही. मग दीड-दीड फुटांच्या थरांनी चारही भिंती फिरत फिरत एकाच दिवशी वरपर्यंत न्या. सुई खालच्या थरात थोडी घुसली पाहिजे. एक भिंत आज आणि दुसरी उद्या असं केलं की कोपऱ्यात उभा सांधा तयार होतो आणि तो गळतोच.

सेंट्रिंगच्या प्लेटा आवळायला आरपार बोल्ट आणि त्यावर पीव्हीसी पाइपचा तुकडा वापरतात. तो पाइप म्हणजे आतून बाहेर केलेलं तयार भोक. मधे वॉटरस्टॉप चकती असलेले टाय मिळतात, ते घ्या. ते मिळाले नाहीत तर तार किंवा सळईचा टाय काँक्रीटमध्येच सोडा आणि नंतर दोन्ही बाजूंनी इंचभर खोल खोदून, सळई कापून, न आकसणाऱ्या मसाल्याने भरा. अंतर राखायला लाकडाचे गुटके आत टाकले असतील तर एकेक मोजून बाहेर काढायला लावा. पाइपांच्या बाबतीत माझं मत ठाम आहे. पाण्याच्या पातळीखाली भिंतीतून एकही पाइप घेऊ नका. मोटरचा सक्शन वरून झाकणाच्या बाजूने उतरवा, ओव्हरफ्लो वरच्या मोकळ्या फुटात ठेवा. तरीही खालून घ्यायचाच असेल तर भोवती गोल चकती वेल्ड केलेला लोखंडी पाइप ओततानाच बसवा, नंतर भिंत फोडून नको.

साच्याच्या प्लेटा दोन-तीन दिवसांनी काढा आणि भिंतीवर ओली पोती बांधून निदान १४ दिवस सतत ओल ठेवा. तळावर पाणी साठवून ठेवा. मार्च-एप्रिलच्या आपल्या उन्हात ही ओल एक दिवस जरी तुटली तरी पृष्ठभागावर केसासारख्या चिरा पडतात.

आता चाचणी. बहुतेक लोक आतून गिलावा, टाइल, बाहेरून भरणी असं सगळं उरकून पाणी भरतात आणि पातळी उतरली की कुठून उतरली हे शोधायला काहीच उरत नाही. क्रम असा ठेवा : काँक्रीट पिकल्यावर, आतून-बाहेरून काहीही न लावता, भरणी न करता, स्लॅब टाकण्याआधी पहिली चाचणी. आत नुसतं पाणी असेल तर ही भिंत स्लॅबशिवाय ते पेलते. बाहेरची मातीची भरणी मात्र स्लॅब पडून पिकल्याशिवाय करायची नाही, कारण तोपर्यंत भिंतीच्या माथ्याला आधार नसतो.

चाचणीआधी भिंतीला बाहेरून चुन्याचा पातळ हात मारून वाळू द्या. पांढऱ्यावर ओलीचा डाग लगेच गडद उठतो. खड्ड्यातलं पाणी पंपाने काढून कोरडं ठेवा, कारण बाहेर पाणी उभं असेल तर गळती तुम्हाला दिसणारच नाही. मग तीन दिवसांत भरा, रोज तिसरा हिस्सा. एकदम भरलं तर ओल कोणत्या उंचीवर आधी दिसली हे कळत नाही. रोज संध्याकाळी खाली उतरून बाहेरून फिरा आणि ओली जागा खडूने घेरून तारीख लिहा.

पाच फुटांपर्यंत भरलं की पहिले सात दिवस मोजमाप करू नका, नुसतं निरीक्षण करा. कोरडं काँक्रीट पाणी पितं आणि पातळी थोडी उतरतेच. याच आठवड्यात बारीक केसासारखी ओली रेघ आपणहून बंद होते, तिथे पांढरा चुनकट थर धरतो. अशा रेघेला लगेच हात लावू नका. थेंब पडत असेल किंवा धार वाहत असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नाही.

आठव्या दिवसापासून रोज एकाच वेळी, सकाळी सात वाजता म्हणा, पातळी मोजा. भिंतीला स्टीलची पट्टी पक्की चिकटवा आणि मिलिमीटरमध्ये वाचा. टाकीवर ताडपत्री ओढून घ्या. शिवाय एक प्लास्टिकची बादली पाऊण भरून टाकीतल्या पाण्यात अशी लटकवा की तिचा काठ पाण्याच्या जरा वर राहील. बादली गळत नाही, म्हणून तिच्यातली पातळी जितकी उतरली तितकं पाणी वाफ होऊन गेलं. टाकीतल्या उतारातून ते वजा करा. सात दिवस असं चालवा. मधे पाऊस आला तर तो दिवस सोडा आणि एक दिवस वाढवा.

तुमच्या टाकीत १ मिमी उतार म्हणजे साडेसहा लिटर. सात दिवसांत टाकी ९ मिमी उतरली आणि बादली ७ मिमी, तर खरा उतार २ मिमी, म्हणजे आठवड्याला १३ लिटर. हे मोजण्याच्या चुकीत बसतं, टाकी पास. टाकी २१ मिमी आणि बादली ७ मिमी असेल तर १४ मिमी, म्हणजे आठवड्याला ९१ लिटर, रोजचे १३ लिटर. यातून तुमचं पाण्याचं बिल वाढणार नाही, पण रोज १३ लिटर पाणी काळ्या मातीत जिरत राहिलं तर ती टाकीच्या एकाच बाजूला फुगते. शिवाय जिथून पाणी बाहेर जातं तिथूनच पावसाळ्यात बाहेरचं घाण पाणी आत येतं. घरगुती झाकलेल्या टाकीला बादली वजा जाता सात दिवसांत ३ मिमीच्या वर मी मान्य करत नाही. मोठ्या टाक्यांना नियमांत यापेक्षा जास्त सूट असते, पण या मापाच्या टाकीला ती घेण्याचं कारण नाही.

आकड्यांपेक्षा त्यांची चाल महत्त्वाची. उतार रोज कमी कमी होत शून्याकडे जात असेल तर काँक्रीट अजून पाणी पितंय, आणखी चार दिवस द्या. रोज जवळजवळ सारखाच उतार असेल तर ती गळती. मग पाणी पुन्हा न भरता टाकी उतरू द्या. एका उंचीवर येऊन पातळी थांबली तर गळती त्याच उंचीवर आहे. तळापासून सहा इंचांवर थांबली तर तो कट्ट्याचा सांधा. तिथेही न थांबता खाली जात राहिली तर तळ बघा.

दोष सापडला की गिलाव्याने झाकू नका. टाकी रिकामी करून, कट्ट्याचा सांधा असेल तर आतून इंचभर खोल आणि इंचभर रुंद खाच पूर्ण लांबीला कापा, धुवा, ओली करून पॉलिमर मसाल्याने ठोकून भरा. पोकळ खडी दिसत असेल तर ठोकून आवाज ऐका, भदभद आवाज येईल तेवढं सगळं घट्ट काँक्रीट लागेपर्यंत काढा. धार वाहत असेल तर दीड-दोन फुटांवर नोझल बसवून ग्राउट दाबाने भरावं लागतं, ते काम त्यातल्या माणसाकडूनच करून घ्या. मग पुन्हा भरा आणि पुन्हा मोजा.

पहिली चाचणी पास झाल्यावर वॉटरप्रूफिंग, आणि ते दोन्ही बाजूंनी, पण वेगवेगळ्या कामासाठी. आतलं पाण्याच्या बाजूचं म्हणून मुख्य. तळ आणि भिंतीच्या कोपऱ्यात, तसंच उभ्या कोपऱ्यांत दोन-अडीच इंचांचा गोल वाटा मसाल्याने घ्या. त्यावर दोन घटक मिसळून होणारं, पिण्याच्या पाण्याला चालणारं सिमेंट-पॉलिमर कोटिंग ब्रशने दोन हात, पहिला आडवा तर दुसरा उभा, मिळून दीड ते दोन मिमी. वाट्यावर पहिल्या हातात फायबरची जाळी दाबून बसवा. भिंत ओलसर हवी, पण पाणी चमकत नसावं. कोरड्या भिंतीवर लावलं तर ते पापुद्रे धरून सुटतं. बाहेरून भिंत वाळल्यावर बिटुमिनचे दोन हात पुरे, तेही बाहेरचं क्षाराचं पाणी सळईपर्यंत पोचू नये म्हणून. बिटुमिन आतून कधीच नको. शहाबाद फरशीचं बॉक्स वॉटरप्रूफिंग तळ ओतण्याआधी खालून सुरू करावं लागतं. तळमजल्याखाली पार्किंग किंवा खोली असेल तर त्याला अर्थ आहे, दहा हजार लिटरच्या टाकीला भरीव काँक्रीट आणि नीट सांधा असताना तो खर्च नको. टाइल्स हव्या असतील तर धुवायला सोपं म्हणून लावा, पण दुसऱ्या चाचणीनंतर. ती चाचणी कोटिंग पिकल्यावर, याच पद्धतीने.

मग स्लॅब. दोन फूट बाय दोन फुटांचं झाकणाचं तोंड जमिनीपेक्षा निदान नऊ इंच उंच घ्या. स्लॅबचं सेंट्रिंग आतून काढायला माणूस उतरवताना फार जपा. बंद ओलसर टाकीत लाकडामुळे प्राणवायू कमी झालेला असतो आणि आत उतरलेला माणूस क्षणात कोसळतो. त्याला काढायला दुसरा उतरतो आणि तोही जातो. झाकण दिवसभर उघडं ठेवा, ब्लोअरने बाहेरची हवा आत सोडा, उतरणाऱ्याच्या कमरेला दोर बांधा आणि वर एक माणूस कायम ठेवा.

स्लॅब पिकल्यावर टाकीत निदान तीन फूट पाणी ठेवून भरणी सुरू करा. निघालेली काळी माती परत टाकू नका. दीड-दोन फूट रुंदीत मुरूम, नऊ इंचांचे थर, चारही बाजूंनी सारखे चढवत, हलक्या दुरमुसाने. एकाच बाजूला ट्रॅक्टरने ढीग लोटला तर भिंत तिरकी दाबली जाते आणि बाहेरचं कोटिंग सोलतं. वरचा फूटभर थर घट्ट करून टाकीपासून बाहेर उतार देणारं पीसीसी करा. काम चालू असताना, भरणी व्हायच्या आधीच मोठा पाऊस आला तर खड्डा भरायच्या आत टाकीत हे तीन फूट पाणी सोडाच, कारण स्लॅब आणि भरणी नसताना टाकी सगळ्यात हलकी असते. पुढेही दरवर्षी टाकी धुवायची तर एप्रिल-मेमध्ये रिकामी करा, पावसाळ्यात आणि त्यानंतर विहिरींचं पाणी खाली जाईपर्यंत नको.